अंतिम मुलाखतीनंतर रिक्रूटर गप्प असेल तर

त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवतो असे सांगितले असेल, तर पुढच्या मंगळवारी, मुलाखतीचे निमंत्रण ज्या ईमेलने आले त्यालाच उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे तुमचे पद आणि मुलाखतीची तारीख त्यांना शोधत बसावे लागणार नाही. ‘माझी निवड झाली का?’ असे मात्र विचारू नये. वरची मंजुरी अडकलेली असताना त्याचे उत्तर रिक्रूटरकडेही नसते, आणि बहुधा म्हणूनच ते गप्प असतात. त्याऐवजी लिहावे: ‘निर्णय साधारण कधीपर्यंत अपेक्षित आहे? वडोदऱ्याच्या एका कंपनीला मला २० तारखेपर्यंत उत्तर द्यायचे आहे.’ ही दुसरी ऑफर खरी असेल तरच तिचा उल्लेख करावा, कारण कधीकधी पत्र पाहायला मागतात. तरीही उत्तर आले नाही, तर आठवड्याने एक फोन पुरे. तोवर बाकीच्या मुलाखती थांबवू नयेत.