वेडाचा दाखला कोणी दिला, ते आधी पाहा

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी साहित्यातील वेड हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, पात्राला नेमका कोणता मानसिक आजार आहे ते आधी ठरव. मला मात्र ते कोसळणे समाजावरची टीका वाटते. कोणते वाचन बरोबर?

उत्तर :

तुमच्या मार्गदर्शकांचा प्रश्न निरर्थक नाही, पण तो पहिला प्रश्न नाही. आजार कोणता हे ठरवण्याआधी, हा आजारी आहे असे त्या कथेत कोण म्हणते आणि तसे म्हटल्याने कोणाचे काय साधते, हे पाहावे लागते. चांगल्या साहित्यकृतीत निदान बाहेरून आणून चिकटवावे लागत नाही. ते आतच असते, कोणा पात्राच्या तोंडी असते, आणि त्या पात्राचे स्वतःचे हितसंबंधही असतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला चिनी लेखक लू शुन यांच्या ‘वेड्याची रोजनिशी’ या कथेत दिसते. ती मे 1918 मध्ये ‘नवे तारुण्य’ या मासिकात प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात एका छोट्या प्रस्तावनेने होते. निवेदक सांगतो की, जुन्या मित्राचा भाऊ आजारी असल्याचे कळले म्हणून तो भेटायला गेला. तोवर भाऊ बरा होऊन सरकारी नेमणुकीच्या प्रतीक्षेत परगावी गेला होता. थोरल्या भावाने हसत हसत त्याच्या आजारपणातल्या वह्या दाखवल्या. आपला कोणीतरी छळ करतो आहे असा भ्रम होण्याचा हा आजार असून वैद्यकीय अभ्यासकांना उपयोग व्हावा म्हणून वह्यांतला भाग उतरवून देत आहोत, असे निवेदक म्हणतो. म्हणजे तुमचे मार्गदर्शक जे शोधायला सांगतात ते लेखकाने पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. त्यातही ही प्रस्तावना जुन्या पंडिती भाषेत आहे आणि पुढची रोजनिशी बोलीच्या जवळच्या भाषेत. शहाण्याची भाषा एक आणि वेड्याची दुसरी, ही मांडणी सहज झालेली नाही.

लक्षणेही चोख आहेत. शेजाऱ्याचा कुत्रा आपल्याकडे का पाहतो, रस्त्यावरचे लोक आणि लहान मुले काय कुजबुजतात, ताटातल्या माशाचे डोळे असे का दिसतात, या प्रत्येक गोष्टीचा अर्थ त्या माणसाला एकच लागतो, तो म्हणजे हे सारे मला खाणार आहेत. लू शुन यांनी जपानमध्ये सेंदाई येथे काही काळ वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या एका मावसभावाला 1916 मध्ये असाच भ्रम झाला होता आणि त्याला रुग्णालयात नेण्याचे काम त्यांनी स्वतः केले होते. तेव्हा या आजाराशी लेखकाला देणेघेणे नव्हते, तो केवळ प्रतीक आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

आता कथेतल्या दोन तपशिलांकडे वळा, कारण वाचक नेमके तेच ओलांडून जातात. पहिला म्हणजे, थोरला भाऊ जमीनदार आहे आणि त्याच्याकडे एका गावचे कूळ पीक बुडाल्याची तक्रार घेऊन आलेले असते. गावाने एका ‘दुष्ट’ माणसाला ठार मारले आणि काही जणांनी त्याचे काळीज तळून खाल्ले, ही हकिकत ते कूळ त्याच बोलण्यात सांगते. दुसरा तपशील वीस वर्षांपूर्वीचा आहे. वेड्याने तेव्हा गावातल्या एका मातबराच्या जुन्या हिशेबाच्या वहीवर पाय दिला होता आणि लोकांचा राग तेव्हापासूनचा आहे असे त्याला वाटते. नापिकी आणि हिशेबाची वही ही दोन्ही टोके भ्रमाच्या आत गुंफलेली आहेत.

दहाव्या भागात तो भावाला समोरासमोर म्हणतो की, माणूस खाणे आता थांबवा. दारात गर्दी जमते. भाऊ ओरडतो, सगळे बाहेर व्हा, वेड्याकडे काय पाहता! त्या क्षणी वेड्याला उलगडा होतो. यांनी माझ्यासाठी वेडा हे नाव आधीच तयार ठेवले आहे. उद्या मला खाल्ले तर कोणी जाब विचारणार नाही, उलट काही जण आभारच मानतील. कुळाने सांगितलेल्या माणसाला आधी दुष्ट ठरवले आणि मग खाल्ले, तीही हीच रीत होती. संपूर्ण कथेत याहून अधिक तर्कशुद्ध वाक्ये कोणाच्याही तोंडी नाहीत.

हा भाग मी वर्गात शिकवतो तेव्हा माझा आवाज चढतो, असे विद्यार्थी म्हणतात. त्याचे कारण घरातले आहे आणि तुमच्या प्रश्नाने ते पुन्हा वर आले, म्हणून सांगतो.

आमचे गाव वर्धा नदीच्या बाजूच्या काळ्या रानातले, कोरडवाहू कापूस आणि तुरीचे. माझे धाकटे चुलते पऱ्हाटीच्या दोन हंगामांत ओळीने बुडाले. सोसायटीचे कर्ज थकलेले, म्हणून बँकेच्या दारात उभे राहता येईना. बियाणे आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलेले. तिथल्या वहीत रात्री कोणीतरी आपल्या नावापुढचे आकडे वाढवतो, असे ते म्हणू लागले. आधी आम्ही हसलो. मग ते जेवताना दाराकडे पाहू लागले, पारावर बसणे त्यांनी सोडले, आणि कोणी नुसते ‘काय म्हणते पऱ्हाटी’ असे विचारले तरी तो तगादाच आहे असे त्यांना वाटे. काकूंनी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागू लागली, आणि घर थोडे निर्धास्त झाले. त्या पावसाळ्यात दुबार पेरणीची वेळ आली आणि चुलत्यांनी जीव दिला.

पंचनाम्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी नोंदली गेली. विदर्भातल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाची मदत मिळायची तर नापिकी, कर्ज आणि कर्जफेडीचा तगादा ही कारणे कागदावर सिद्ध व्हावी लागतात, कर्जही बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते, आणि मग समिती पात्र की अपात्र ते ठरवते. कृषी केंद्राची उधारी हे कर्जच नव्हे. सोसायटीची थकबाकी होती, पण तिच्या तगाद्याचा कागद नव्हता. चिठ्ठी मात्र होती. मृत्यू मानसिक आजारामुळे, प्रकरण अपात्र. काकूंनी तो कागद मला वाचायला दिला तेव्हा मी ‘वेड्याची रोजनिशी’ वाचलेली नव्हती. पुढे वाचली तेव्हा दहाव्या भागाशी बराच वेळ थांबलो. नाव आधीच तयार होते. खिशातला कागद सापडला आणि शेत, पाऊस, कापसाचा भाव, उधारीची वही हे सगळे प्रकरणातून बाहेर गेले.

माझे मेहुणे आरोग्य खात्यात होते. त्यांच्याशी माझा वाद तेराव्यालाच सुरू झाला आणि आजही प्रत्येक लग्नाकार्यात तो निघतोच. ते म्हणतात, चिठ्ठी खोटी होती का? वहीतले आकडे रात्री खरोखर वाढत होते का? नव्हते ना, मग आजार होता हे मान्य करा. मी ते नेहमीच मान्य केले आहे. आजार होता, आणि गोळ्यांनी चुलत्यांना काही काळ आराम पडला हेही मी पाहिले आहे. पण रात्री कोणी आकडे वाढवत नसले तरी व्याजाने ते वाढतच होते. भ्रमाने फक्त त्या वाढीला एक चोर पुरवला. आजार खरा म्हणून कर्ज खोटे, हा हिशेब मेहुण्यांना पटतो आणि समितीलाही पटला. तुमच्या मार्गदर्शकांची मागणी मला त्याच जातीची वाटते. मी त्यांना ओळखत नाही, तेव्हा हे थोडे अन्यायाचे असेल. पण मत तेच आहे.

प्रबंधिकेसाठी म्हणून सांगायचे तर, आजाराचे नाव शोधण्यात एक प्रकरण खर्च करू नका. भ्रमाची सामग्री कुठून आली ते शोधा. प्रत्येक भ्रम कशाचा तरी बनलेला असतो. लू शुन यांच्या वेड्याचा भ्रम पोथ्यांचा, हिशेबवहीचा आणि कुळाच्या हकिकतीचा बनला आहे. तो इतिहासाचे पुस्तक उघडतो, पानापानावर सदाचार आणि नीती हे शब्द लिहिलेले असतात, आणि मध्यरात्रीपर्यंत निरखल्यावर त्याला ओळींच्या मधून ‘माणसे खा’ एवढेच दिसते. ही सामग्री कथेतून काढून टाकली आणि तरीही पात्र तसेच कोसळले असते असे वाटले, तर ती कथा आजाराचीच आहे असे खुशाल लिहा. अशाही कथा असतात आणि त्यांना बळेच बंडखोर करू नये. सामग्री काढल्यावर कोसळणेच उरत नसेल, तर तुमचे वाचन उभे राहते आणि त्याला पुरावा कथेतलाच मिळतो.

दुसरे म्हणजे, ‘बरे होणे’ कथेत कसे दाखवले आहे ते तपासा. रोजनिशी संपवून प्रस्तावना पुन्हा वाचा. बरा झालेला माणूस कुठे आहे? सरकारी नेमणुकीच्या वाटेवर. ज्या व्यवस्थेला तो माणसे खाणारी म्हणत होता, तिच्याच चाकरीसाठी तो निघाला आहे, आणि थोरला भाऊ हसतो आहे. वैद्याच्या दृष्टीने हा यशस्वी उपचार आहे. लेखकाने तो रोजनिशीच्या आधी ठेवला, त्यामुळे पहिल्या वाचनात आपण त्यावर विश्वास ठेवून पुढे सरकतो. शहाण्यांच्या बाजूला आपण किती सहज जातो, हे त्या रचनेतून उघडे पडते.

एक सावधगिरी मात्र तुमच्या बाजूच्या वाचनालाही हवी. वेडा म्हणजे द्रष्टा, असे सरसकट लिहिणारे प्रबंध मी तपासले आहेत आणि त्यांना कमीच गुण दिले आहेत. लू शुन यांचा वेडा शेवटी स्वतःलाही सोडत नाही. पाच वर्षांची असताना वारलेल्या बहिणीचे मांस भावाने जेवणातून घरच्यांना वाढले असेल आणि नकळत आपणही ते खाल्ले असेल, असे त्याला वाटते. ज्यांनी अजून माणूस खाल्ला नाही अशी मुले उरली असतील तर त्यांना वाचवा, या अर्धवट विनवणीवर रोजनिशी थांबते. समाजावर बोट ठेवणारा स्वतःला त्यातून वगळत नाही, म्हणून ती टीका भाबडी होत नाही. तुमच्या निवडलेल्या पात्रात हा स्वतःवरचा आरोप आहे की नाही ते पाहा. नसेल तर तसे लिहा.

आणि हे सगळे कथेतल्या माणसांबद्दल आहे. घरात कोणी असे वागू लागले तर समाजटीका वाचत बसू नका, डॉक्टरांकडे न्या, गोळ्या वेळेवर द्या आणि चिठ्ठी जपून ठेवा. सोबत उधारीच्या पावत्या, सोसायटीच्या नोटिसा आणि सातबाराही त्याच पिशवीत ठेवा.