जोडीच्या नमुन्यात हेजेसचा g का द्यायचा?

"दहाच जणांची आधी-नंतरची चाचणी घेतली. कोहेनचा d काढला, तर गाईड म्हणतात हेजेसची दुरुस्ती करून g दे. पेअर्ड डिझाइनमध्येही ती लागते का, आणि कशासाठी?"

हो, लागते. d म्हणजे सरासरी फरक भागिले प्रमाण विचलन. छोट्या नमुन्यात तो सरासरीने थोडा फुगलेला येतो, कारण भागाकारात खाली असलेलं प्रमाण विचलन नमुन्यावरून काढलेलं, म्हणून डळमळीत असतं. ते चुकून लहान आलं की d जितका वर उडतो, तितका ते मोठं आल्यावर खाली येत नाही. हेजेसने 1981 मध्ये दिलेला गुणक हा फुगवटा काढतो:

`J = 1 − 3/(4·df − 1)`

df म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. जोडीत `df = n − 1`, म्हणजे 9. इथे 18 घालण्याची चूक फार दिसते. नोंदी वीस असल्या तरी फरक दहाच आहेत.

समजा फरकांची सरासरी 4 आणि त्यांचं प्रमाण विचलन 5. मग फरकांच्या विचलनाने भागून काढलेला `d_z = 0.80`, `J = 0.914`, `g_z = 0.73`. t आणि p तसेच राहतात. n 50 असता तर J 0.985, म्हणजे फरक नगण्य.

g देण्याचं खरं कारण मेटा-विश्लेषण. असे अनेक छोटे अभ्यास एकत्र केले तरी फुगवटा एकमेकांत कटत नाही, कारण तो सगळ्यांत एकाच दिशेचा असतो.

मात्र भाजक कोणता घेतला हे लिहाच. आधी-नंतरचा सहसंबंध 0.8 आणि दोन्ही वेळची विचलनं सारखी असतील, तर मूळ गुणांच्या विचलनाने भागल्यावर हाच परिणाम 0.51 येतो. ही तफावत J मिटवत नाही.