उथळ घसरणीकडे दुर्लक्ष करू नका

शहाद्याकडून आलेल्या एका पहिलटकरणीच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या पट्टीवर बेसलाइन, ठोक्यांची मूळ गती, मिनिटाला १५० होती, म्हणजे ११० ते १६० च्या मर्यादेतच, आणि घसरण जेमतेम १५ ठोक्यांची असल्यामुळे आमच्या नव्या डॉक्टरांना ती किरकोळ वाटली. मी त्यांना कळांच्या रेषेवर बोट ठेवायला सांगितले, तेव्हा प्रत्येक घसरणीचा तळ कळेच्या शिखरानंतर येत असून कळ ओसरल्यावरच ठोके पूर्ववत होत असल्याचे दिसले. दोन कळांमधली रेषा जवळजवळ सपाट होती; चढउतार ५ ठोक्यांहून कमी होता. अशा सपाट रेषेवरची उथळ, उशिराची घसरण बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याची खूण असू शकते, म्हणून तुम्ही घसरणीची खोली मोजण्याआधी तिची वेळ पाहा. आम्ही कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन थांबवले, तिला डाव्या कुशीवर वळवले आणि वरिष्ठांना तत्काळ बोलावले.