रात्री नऊच्या मीटिंगला ‘नाही’ म्हणताना दोन वेळा हाताशी हव्यात

प्रश्न: लंडनचा क्लायंट रात्री 9 ची मीटिंग लावतो, आणि इथले साहेब कधीकधी रविवारी बोलावतात. आडमुठी न वाटता ‘ऑफिसच्या वेळेत घेऊ’ हे कसं कळवायचं?

‘नाही’ या शब्दाने कुणी आडमुठं ठरत नाही. नाही म्हणून पुढचं सगळं काम समोरच्याच्या गळ्यात टाकलं की ठरतं. ‘9 वाजता मला शक्य नाही, कृपया वेळ बदलावी’ हे वाक्य सभ्य आहे, पण ते वाचणाऱ्याला आता सहा जणांची कॅलेंडरं पुन्हा उघडायची आहेत. त्याचा राग त्या कामाचा असतो, आणि तो तुमच्या नावावर जमा होतो. मीटिंगांची वेळापत्रकं जुळवणं हेच माझं काम असल्यामुळे यावर माझं मत ठाम आहे: पर्याय शोधण्याचं काम नकार देणाऱ्याने करावं, आणि तेही उत्तर पाठवण्याआधी.

लंडनचंच उदाहरण घेऊ. समजा सोमवारी, 12 ऑक्टोबरला निमंत्रण आलं: गुरुवार 15 ऑक्टोबर, लंडनचे दुपारचे 4:30 ते 5:30. म्हणजे आपले रात्रीचे 9 ते 10. विषय चाचण्यांच्या अहवालाला मंजुरी, माणसं सहा, आणि निर्णय शुक्रवारी लंडनच्या दुपारपर्यंत हवा.

आधी हीच वेळ का निवडली ते शोधा. लंडन आणि आपण यांच्यात ऑक्टोबरच्या मध्यात साडेचार तासांचं अंतर असतं. त्यांचे सकाळचे 9 म्हणजे आपले दुपारचे 1:30, त्यामुळे 1:30 ते 6:30 हे पाच तास दोन्हीकडे ऑफिसचे आहेत. एवढी सोय असताना कुणी 4:30 निवडत असेल, तर निमंत्रितांच्या यादीत बहुतेक न्यूयॉर्कचं एखादं नाव असतं. लंडनचे 4:30 म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे 11:30, तिथल्या माणसासाठी सोयीची वेळ. हे न बघता तुम्ही ‘दुपारी 2:30 ला घेऊ’ असं सुचवलंत, तर त्याला पहाटे 5 ला उठवताय. तिथे तुमचा पर्याय पडतो, आणि ‘हिला फक्त स्वतःचं घड्याळ दिसतं’ हे मत कायमचं होतं.

म्हणून यादीत न्यूयॉर्कचा माणूस आवश्यक म्हणून आहे की ऐच्छिक, ते निमंत्रणात पाहा. ऐच्छिक असेल तर 1:30 ते 6:30 मध्ये मोकळं रान आहे. आवश्यक असेल तर गणित आवळतं: त्याचे सकाळचे 9, लंडनचे दुपारचे 2, आपले संध्याकाळचे 6:30. याआधी तो ऑफिसात नाही, यानंतर तुम्ही नाही. तेव्हा 6:30 ते 7 हा अर्धा तास तुम्हाला द्यावा लागेल, आणि तो द्यावा. रात्री 10 ला संपणारी तासाभराची मीटिंग 7 ला संपणाऱ्या अर्ध्या तासावर आली, हा सौदा चांगला आहे.

मग वेळा निवडा. दोनच, फार तर तीन. ‘मी 2 ते 6 कधीही मोकळी आहे’ हे उदार वाटतं, पण त्यात निवडीचं काम पुन्हा समोरच्याकडे जातं. निदान एक पर्याय मूळ वेळेच्या आधीचा असू द्या. नंतरची वेळ सुचवली की तुमच्यामुळे काम लांबलं असं दिसतं, आधीची सुचवली की लवकर उरकतंय असं दिसतं. लंडनचे 12 ते 2 शक्यतो टाळा, ते जेवायला जातात. आणि प्रत्येक वेळ दोन्ही घड्याळांत लिहा, त्यांची आधी. सुचवलेल्या वेळा उत्तर येईपर्यंत स्वतःच्या कॅलेंडरवर अडवून ठेवा. त्यांनी होकार द्यावा आणि तोवर तिथे दुसरं काही येऊन बसलेलं असावं, यापेक्षा मूळ नकार परवडला.

निरोप साधारण असा होतो. क्लायंटला इंग्रजीत लिहाल, पण क्रम हाच ठेवा:

‘अहवालाच्या मंजुरीची मीटिंग शुक्रवारच्या आत व्हायला हवी हे लक्षात आहे. गुरुवारी तुमच्या 4:30 ला, म्हणजे इथल्या रात्री 9 ला, मी नसेन. बुधवारी तुमच्या सकाळी 11 ला (इथे 3:30) किंवा गुरुवारी सकाळी 10:30 ला (इथे 3:00) घेता येईल; दोन्ही वेळा मी राखून ठेवल्या आहेत. न्यूयॉर्कहून कुणी असणं आवश्यक असेल तर गुरुवारी तुमच्या दुपारी 2 ला (इथे 6:30) अर्धा तास घेऊ. अहवाल आणि निर्णयाचे तीन मुद्दे मी मंगळवारी संध्याकाळी पाठवते, म्हणजे अर्धा तास पुरेल.’

पहिलं वाक्य त्यांच्या गरजेचं आहे. नकार एकदाच आहे, लहान आहे, आणि लगेच वेळा आल्या आहेत. शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण कागद आधी हातात पडला की पुष्कळदा मीटिंगच रद्द होते. ‘मी नसेन’ हे शब्दही मुद्दाम आहेत. ‘शक्यतो नको’, ‘बघते’, ‘प्रयत्न करते’ हे आपल्याकडे नम्रपणे नाही म्हणायचे प्रकार आहेत, पण निमंत्रण पाठवणारा त्यांना होकार समजतो, आणि गुरुवारी रात्री 9:05 ला तुमचा फोन वाजतो. माफीही एकापेक्षा जास्त वेळा नको. तीनदा माफी मागितली की काहीतरी चुकीचं करताय असं समोरच्यालाही वाटू लागतं.

आउटलुकमध्ये नुसतं Decline दाबू नका. Tentative and Propose New Time निवडलंत तर मूळ नोंद कॅलेंडरवर राहते आणि सुचवलेली वेळ आयोजकाला थेट दिसते. त्यात एकच वेळ जाते, म्हणून दुसरी मजकुरात लिहा. Do Not Send a Response चुकून निवडलं गेलं तर आयोजकाला काहीच कळत नाही आणि तुम्ही न सांगता गैरहजर ठरता. गूगल कॅलेंडरमध्ये Propose a new time आहे. तिथे ऑफिसच्या खात्यावर कामाचे तास भरून ठेवले तर त्याबाहेर निमंत्रण पाठवणाऱ्याला आधीच सूचना दिसते. त्याने वेळ अडत नाही, पण निम्मे लोक तिथेच थबकतात.

उत्तर निमंत्रण आलं त्याच दिवशी जायला हवं. सोमवारी पाठवलेला नकार नियोजन वाटतो. तोच मजकूर गुरुवारी संध्याकाळी 7 ला गेला तर अडवणूक वाटते.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: उशिराच्या पुष्कळ मीटिंगा कुणी मागितलेल्याच नसतात, त्या सरकतात. ब्रिटनमध्ये घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. 2026 मध्ये या तारखा 25 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर. लंडनहून दर आठवड्याला दुपारी 1:30 ला लावलेली मीटिंग आपल्याकडे 6 ला असते, ती 26 ऑक्टोबरपासून 7 ला येते. न्यूयॉर्कची सकाळी 9 ची 6:30 वरून 7:30 वर जाते. त्यासाठी नकार लागत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात एक ओळ पाठवा: ‘घड्याळ बदलल्यावर ही मीटिंग इथे 7 ला येईल, मार्चअखेरपर्यंत तासभर आधी घेऊ का?’

शनिवारच्या निमंत्रणाचंही असंच. कॅलिफोर्नियाचे शुक्रवारचे संध्याकाळचे 6 म्हणजे उन्हाळी वेळेत आपले शनिवारचे सकाळचे 6:30. पाठवणाऱ्याने तुमची सुट्टी हिरावलेली नसते, त्याच्याकडे अजून शुक्रवारच असतो. ‘तुमच्या गुरुवारी हीच वेळ चालेल’ एवढं पुरतं. सौदीत आठवडा रविवारी सुरू होतो, तिथल्या माणसाला ‘रविवार सुट्टीचा’ हे सांगावंच लागतं. राग धरायचं कारण नाही.

साहेबांचा रविवार वेगळा, कारण त्यांना वार माहीत असतो. शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या 11 ला पंधरा मिनिटं बोलू’ असं आलं तर: ‘सर, उद्या मी नाहीये. सोमवारी 9:30 ला तुमच्या पहिल्या मीटिंगच्या आधी बोलू. विषय कळवलात तर आकडे काढून ठेवते.’ विषय विचारणं महत्त्वाचं. खरंच तातडीचं असेल तर ते लगेच सांगतील, नसेल तर सोमवारच ठरेल.

यावर लोक म्हणतात, कारण द्यायला हवं: मुलाची परीक्षा, सासूबाईंचं औषधपाणी, काहीतरी. हा वाद मी वर्षानुवर्षं घालते आहे आणि माझं मत बदललेलं नाही. कारण दिलं की ते तपासता येतं, त्यावर तोड काढता येते: ‘मग साडेनऊला घेऊ, तोवर मुलगा झोपेल.’ आणि ज्यांच्या घरी मुलं नाहीत, आजारी माणूस नाही, त्यांची रात्र आपोआप सगळ्यांची होऊन बसते. हे मला अजिबात मान्य नाही. ‘मी नसेन’ एवढं पुरेसं आहे. हक्काची भाषाही निरोपात नको. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’चं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. त्याचा हवाला दिलात तर पुढचं उत्तर एचआरकडून येईल आणि मीटिंग बाजूलाच राहील.

हे सगळं तुमची नेमणूक दिवसपाळीची आहे असं धरून लिहिलं. नेमणूकपत्रात 2 ते 11 ची पाळी असेल तर रात्री 9 ही तुमची ऑफिसचीच वेळ आहे. ऑन-कॉलच्या आठवड्यात सिस्टिम बंद पडली तर फोन उचला, पर्याय देत बसू नका. आणि क्लायंट फक्त कॅलिफोर्नियात असेल तर दोघांच्या ऑफिसच्या वेळेत मिळणारा तास जवळजवळ नाहीच. तिथे एक आठवडा तुमची सकाळ 8, त्यांची आदल्या दिवशीची संध्याकाळ 7:30, पुढच्या आठवड्यात त्यांची सकाळ 7, तुमची संध्याकाळ 7:30, अशी आळीपाळी मागा. हिवाळ्यात अंतर तासाने वाढतं, तेव्हा या वेळा पुन्हा ठरवा.