‘सर्वश्रेष्ठ’ चुकीचा का नाही?

प्रश्न: ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सगळ्यांत चांगला, असं संस्कृतच्या तासाला शिकवलं होतं. मग ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ ही द्विरुक्ती नाही का? आणि मराठीला स्वतःचे ‘तर-तम’ प्रत्यय का नाहीत?

दोन्ही शब्द निर्धास्त वापरा. तुमच्या शिक्षकांनी शिकवलं ते संस्कृतपुरतं अगदी बरोबर आहे, पण ‘श्रेष्ठ’ मराठीत आला तेव्हा त्याचं हे काम सुटलं होतं.

एका वाक्यावर तपासून पाहू. ‘हा उपाय त्यापेक्षा श्रेष्ठ आहे’ हे वाक्य कोणालाच खटकत नाही. ‘श्रेष्ठ’मध्ये ‘सगळ्यांत’ हा अर्थ खरोखर शिल्लक असता, तर ‘पेक्षा’ त्याच्याशेजारी बसलाच नसता. ‘त्यापेक्षा सगळ्यांत चांगला’ असं आपण बोलत नाही. ‘ज्येष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ यांचंही तसंच. संस्कृतात ज्येष्ठ म्हणजे सर्वांत थोरला आणि कनिष्ठ म्हणजे सर्वांत धाकटा. आपल्याकडे मात्र ‘ज्येष्ठ नागरिक’ गल्लोगल्ली आहेत आणि एकाच कार्यालयात चार ‘कनिष्ठ लिपिक’ बसतात.

हे सगळे शब्द ‘-इष्ठ’ या प्रत्ययाचे. इंग्रजीतल्या ‘स्वीटेस्ट’मधला ‘-एस्ट’ हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि ‘स्वीट’ म्हणजे आपला ‘स्वादु’. म्हणजे ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हा मुळात एकच शब्द. हो, ‘स्वादिष्ठ’, ठ-वाला. आज आपण ‘स्वादिष्ट’ लिहितो, कारण त्यात प्रत्यय आहे हेच जाणवेनासं झालं आणि तो ‘मिष्ट’, ‘इष्ट’ यांच्या पंगतीला जाऊन बसला. माझ्या मते प्रत्यय मेल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. ‘श्रेष्ठ’चीच दुसरी वाट पाहा: श्रेष्ठिन्, मग प्राकृतात सेट्ठि, मग आपला ‘शेठ’. आणि बाजारात तर हाक मारावी तो शेठ!

ही झीज संस्कृतातच सुरू झाली होती. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ असं आहे. ‘इष्ठ’वर पुन्हा ‘तम’. प्रत्ययाची धार बोथट झाली की भाषा त्यावर दुसरा चढवते. तेव्हा ‘श्रेष्ठतम’ला चूक ठरवायचं तर थेट वेदापासून सुरुवात करावी लागेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. मराठी विशेषणाला हातच लावत नाही. ‘मोठा’चं लिंग-वचन बदलतं, पण तुलनेसाठी तो मोठाच राहतो. तुलना सांगतं ते शेजारचं नाम, त्याला लागलेल्या विभक्तीतून किंवा शब्दयोगी अव्ययातून. आणि तिथे मराठी फार बारीक फरक करते:

‘सुमन भावंडांत मोठी.’
‘सुमन माझ्या भावंडांपेक्षा मोठी.’

पहिल्या वाक्यातली सुमन त्या भावंडांपैकीच एक आहे. दुसऱ्या वाक्यातली सुमन त्यांच्यातली नाही. ती शेजारची असेल, मावसबहीण असेल. ‘मोठी’ दोन्हीकडे तोच, पण ‘त’ सुमनला गटाच्या आत ठेवतो आणि ‘पेक्षा’ तिला बाहेर उभी करतो. ‘हून’ही तेच करतो: ‘भावंडांहून मोठी’.

पाणिनीनं हाच फरक दोन लागोपाठच्या सूत्रांत मांडला आहे (२.३.४१ आणि २.३.४२). समूहातूनच एकाला निवडून काढायचं असेल तर समूहाला षष्ठी किंवा सप्तमी. ज्याच्याशी तुलना करायची तो वेगळाच असेल तर पंचमी. पहिल्याचं परंपरेनं दिलं जाणारं उदाहरण ‘गोषु कृष्णा बहुक्षीरा’, म्हणजे गायींत काळी गाय जास्त दुधाची. दुसऱ्याचं ‘माथुराः पाटलिपुत्रकेभ्यः आढ्यतराः’, म्हणजे मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांहून श्रीमंत. गायीच्या उदाहरणात ‘तर’ही नाही आणि ‘तम’ही नाही हे पाहा. तिथे निवडीचं काम एकटी विभक्तीच करते आहे. मराठीनं नेमकं हेच उचललं. म्हणून आपल्याला प्रत्यय नाहीत याचं मला कधी उणं वाटत नाही.

हिंदीशी ताडून पाहिलं की हा ‘त’ आपल्या किती अंगवळणी पडला आहे ते कळतं. हिंदीत ‘सबसे बड़ा’, ‘कम से कम’, ‘ज़्यादा से ज़्यादा’, सगळीकडे पंचमीचा ‘से’. आपण म्हणतो ‘सगळ्यांत मोठा’, ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’, ‘लवकरात लवकर’, आणि मन मोडू नये म्हणून ‘त्यातल्या त्यात बरा’. अलीकडे ‘सर्वांपेक्षा उंच इमारत’ असं वाचायला मिळतं. ती इमारत त्या ‘सर्वां’त धरली असेल तर ती स्वतःपेक्षाही उंच ठरते! तिथे ‘सर्वांत उंच’ हवं, नाहीतर ‘इतर सर्वांपेक्षा उंच’.

आता ‘सर्वश्रेष्ठ’ सोडवून पाहा: सर्वांत श्रेष्ठ. त्यातला ‘सर्व’ फुकटचा नाही, मराठी आपलं अतिशयत्व जिथे दाखवते ती जागाच तो भरतो. ‘सर्वोत्तम’ आणि ‘सर्वोच्च’ यांचंही तसंच. राज्यघटनेच्या हिंदी पाठात ‘उच्चतम न्यायालय’ आहे, आपण मात्र ‘सर्वोच्च न्यायालय’ म्हणतो. मराठी कानाला ‘तम’पेक्षा ‘सर्व’ जवळचा. मी अडवेन तो फक्त ‘सर्वांत सर्वोत्तम’ला, कारण तिथे तीच जागा दोनदा भरली जाते.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. ‘सर्वांत मोठा’ यात अनुस्वार हवा, कारण ते अनेकवचनाचं सामान्यरूप आहे. उच्चारात तो पुसट होतो आणि म्हणून लिहिण्यातून निसटतो. आणि गणितातला लसावि हा ‘लघुतम’ साधारण विभाज्य, एका ‘त’चा. ‘महत्तम’मधला दुसरा ‘त’ मुळातल्या ‘महत्’चा आहे, ‘उत्तम’मधला ‘उद्’च्या द् चा. ‘लघु’त तसं काहीच नाही, तरी पुष्कळ जण त्या दोघांच्या ओघात ‘लघुत्तम’ म्हणून जातात.

‘तर’ मात्र एका अनपेक्षित वाटेनं आपल्या रोजच्या बोलण्यात शिरला आहे. फारसीत ‘बेह्’ म्हणजे चांगला. त्याला तिकडचा ‘-तर’ लागून ‘बेहतर’, जास्त चांगला. हा फारसी ‘-तर’ आणि संस्कृत ‘-तर’ एकाच मुळाचे. मराठीनं हा शब्द घेतला, त्याचा ‘त’ दुहेरी केला आणि ‘जीव गेला तरी बेहत्तर’ असं म्हणायला लागली. म्हणजे मूळ अर्थानं, ‘तेही जास्त चांगलं’!