उंचीसाठी मेंदूचा एमआरआय? आधी वर्षाला किती वाढतोय ते बघा

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यात बुटका. हार्मोनच्या टेस्ट झाल्या, आता डॉक्टर मेंदूचा एमआरआय करा म्हणतायत. उंचीसाठी मेंदूचा एमआरआय कशाला? घरचे म्हणतात थोडं थांबूया.

थांबू नका, करून घ्या. "एवढ्याशा उंचीसाठी एमआरआय? पैसे काढायचे धंदे सगळे" हे मी माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून ऐकलंय म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे कुणीच उंच नाही, त्यामुळे मुलगी बुटकी आहे याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण बुटकं असणं वेगळं आणि वाढायचं थांबणं वेगळं. चौथीत असताना तिचा दुसरीतला युनिफॉर्मचा फ्रॉक लांबीला अजून बरोबर बसत होता, तेव्हा मी जुनी प्रगतिपुस्तकं काढून उंचीचे आकडे एकाखाली एक लिहिले. पहिलीत ११५, दुसरीत १२०, तिसरीत १२२, चौथीत साडेतेवीस, म्हणजे १२३.५. या वयात वर्षाला ५-६ सेंटीमीटर वाढ व्हायला हवी, सलग ४ च्या खाली राहिली तर कारण शोधायलाच लागतं. दीर म्हणाले आपल्या घराण्यात सगळे उशिराच वाढतात. अहो, उशिरा वाढणारी मुलं हळू का होईना पण वाढत असतात, आधी ५ वाढून मग दीडवर येत नाहीत!

त्यात तिचं डोकं सकाळी उठल्या उठल्या दुखायचं, कधी उलटी व्हायची, आणि ते पित्त म्हणून चाललं होतं. थायरॉइडची टेस्ट केली तर टीएसएच नॉर्मल, म्हणून थायरॉइड ठीक आहे असं सांगितलं गेलं. इथेच गोची आहे. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथीच बनवते. तीच दबली असेल तर थायरॉइडचं हार्मोन कमी असूनही टीएसएच वाढत नाही, आकडा नॉर्मल दिसतो. त्यामुळे फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं ते हार्मोनच, सोबत बघितल्याशिवाय काही कळत नाही, तिचं तेच कमी निघालं. ग्रोथ हार्मोनही कमी, आणि डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय जवळजवळ अडीच वर्षं मागे.

डोळ्यांचं तर मलाच खटकत होतं. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा, शेजारून कुणी आलं तर दचकायची. चष्म्याचा नंबर नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून बाजूचं किती दिसतं ते तपासलं, दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसत नव्हतं. पिट्युटरी वाटाण्याएवढी असते आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा तिच्या बरोबर वरच एकमेकींना ओलांडतात, म्हणून तिथली गाठ खाली हार्मोन दाबते आणि वर नजर. एमआरआयमध्ये क्रॅनिओफॅरिंजिओमा निघाला. ही गाठ गर्भात पिट्युटरी बनताना मागे राहिलेल्या पेशींची असते, कॅन्सर नसतो, सावकाश वाढते, आत पाण्याच्या पिशव्या आणि कॅल्शियम. पण कॅन्सर नाही म्हणजे साधी असंही नाही, ती नसांना आणि भूक-तहान सांभाळणाऱ्या भागाला चिकटून असते, म्हणून सगळीच्या सगळी काढणं प्रत्येक वेळी जमत नाही, थोडी ठेवून रेडिएशन द्यावं लागतं.

ऑपरेशन नाकातून झालं. नजर बरीचशी परत आली, हार्मोन नाही आले. तिला लघवी आवरायला डेस्मोप्रेसिन, शिवाय हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉक्सिन. यातलं कॉर्टिसोन आधी सुरू करतात, कारण ते कमी असताना नुसतं थायरॉक्सिन दिलं तर मूल कोसळू शकतं. ताप आला की कॉर्टिसोनचा डोस वाढवायचा, उलट्या होत असतील तर थेट इंजेक्शन, हे आम्ही शाळेतही लिहून दिलंय. ग्रोथ हार्मोनचं रोजचं इंजेक्शन मात्र गाठ स्थिर आहे हे पाहूनच, साधारण वर्षभराने सुरू झालं. पहिल्या वर्षी ती ९ सेंटीमीटर वाढली. वजन सांभाळणं अजूनही सगळ्यात अवघड जातं आणि त्यावरूनही दीर "खाण्यावर ताबा नाही" म्हणतात. त्यांना किती वेळा सांगितलं की मेंदूतलं पोट भरल्याचं केंद्रच दुखावलंय, रागावून ते दुरुस्त होत नाही.

तुमच्या मुलाचं असंच असेल असं अजिबात नाही हां. ही गाठ दरवर्षी दहा लाखांत एखाद-दोघांना होते. बहुतेक बुटकी मुलं आईबापावर गेलेली किंवा खरंच उशिरा वाढणारी असतात, काहींना थायरॉइड किंवा गव्हाची सिलियाक असते. पण ग्रोथ हार्मोन कमी आलं असेल तर इंजेक्शन सुरू करायच्या आधी तिथे गाठ नाही ना हे बघायलाच लागतं, एमआरआय त्यासाठीच सांगितलाय. पिट्युटरीचा, कॉन्ट्रास्टसह करतायत का विचारा. आणि डोकेदुखी, उलटी किंवा नजरेचं काही असेल तर ते आजच डॉक्टरांना सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. घरचे ऐकत नसतील तर मागच्या तीन वर्षांच्या उंचीचे आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा.