स्प्लिटलेस घेतलंत की ओव्हन कुठून सुरू करायचा हे सॉल्व्हंट ठरवतो

प्रश्न: गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी सी-१० ते सी-४० अल्केन्सचं मिश्रण आहे, हेक्झेनमध्ये. स्प्लिटवर मेथड छान चालते, पण कमी प्रमाण दिसत नाही. नुसतं स्प्लिटलेस केलं तर चालेल का? आणि टेम्परेचर प्रोग्रॅम कसा ठरवायचा?

नुसतं केलं तर चालणार नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण नेमकं हेच मिश्रण आणि नेमकी हीच सूचना यांच्यापायी माझे तीन आठवडे आणि एक चांगला कॉलम वाया गेलाय.

तेव्हा मी नोकरीत नवीन होते. आमची मेथड स्प्लिटवर होती: रेशो ५०:१, इंजेक्टर २८० अंशांवर, ३० मीटरचा ०.२५ मिलिमीटरचा कॉलम, हेलियम मिनिटाला १.२ मिलिलिटर. ओव्हन १०० अंशांवरून सुरू, मिनिटाला १० अंशांनी ३२० पर्यंत आणि तिथे दहा मिनिटं मुक्काम. पीक सुईसारखे यायचे. मग मोजण्याची मर्यादा खाली आणायचं ठरलं आणि सीनियर म्हणाले, "अगं, स्प्लिट बंद कर, बाकी कशाला हात लावू नकोस." मी तसं केलं. सी-२० पासून पुढचे पीक पूर्वीइतकेच टोकदार आणि कितीतरी मोठे आले. पण सी-१० म्हणजे बसलेली टेकडी. स्प्लिटवर जो पीक तीन-चार सेकंदांत आटपायचा, तो आता अर्धा मिनिट पसरलेला. सी-१२ थोडा बरा, सी-१४ जेमतेम आणि सी-१६ पासून सगळं झकास.

सीनियरनी कागद पाहिला आणि निकाल दिला: कॉलम गेला.

मी म्हटलं, "सर, कॉलम गेला असता तर शेवटचे पीक आधी बिघडले असते ना?" यावर मला अनुभवाबद्दल एक छोटं व्याख्यान मिळालं. मग अर्धा मीटर कॉलम कापला. काही फरक नाही. लायनर बदलला, सेप्टम बदलला, शेवटी नवा कोरा कॉलम लावला. सी-१० आपला तसाच. खरं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता: त्याच कॉलमवर, त्याच ओव्हन प्रोग्रॅमवर, जरा तीव्र स्टँडर्ड घेऊन पुन्हा एक स्प्लिट इंजेक्शन द्यायचं. सी-१० टोकदार आला तर कॉलम निर्दोष. मी हे सुचवलं होतं. "मागे जायचं नाही," असं उत्तर मिळालं.

आता नेमकं काय घडत होतं ते बघा. स्प्लिटमध्ये लायनरमधून एकूण मिनिटाला साठेक मिलिलिटर वायू वाहतो. चार मिलिमीटर आतल्या व्यासाच्या साध्या लायनरचं आकारमान एक मिलिलिटरच्या आसपास असतं. म्हणजे वाफ एका सेकंदात साफ होते आणि कॉलमच्या तोंडाशी अरुंद पट्टा आपोआप पोचतो. स्प्लिटलेसमध्ये तोच लायनर फक्त कॉलमच्या प्रवाहाने, मिनिटाला १.२ मिलिलिटरने, रिकामा होतो. हिशेब करा, ५० सेकंद लागतात. तेवढा वेळ सी-१० कॉलममध्ये नुसता पाझरत राहतो. अर्धं-पाऊण मिनिट दारातून आत येणारी रांग पुढे आपोआप एका ओळीत कशी उभी राहणार? तिला कुणीतरी दाराशी अडवून धरायला हवं.

जडांना ओव्हनच अडवतो. सी-२० चा उत्कलनबिंदू ३४३ अंश, ओव्हन १०० वर. तो येतो तिथेच गोठल्यासारखा बसतो आणि ओव्हन तापेपर्यंत हलत नाही. ढोबळ नियम असा, की ओव्हन पदार्थाच्या उत्कलनबिंदूपेक्षा दीडशे अंश खाली असला तर एवढी पकड पुरते. आता आमचे आकडे ताडून पाहा. सी-१६ चा उत्कलनबिंदू २८७, म्हणजे फरक १८७, टोकदार. सी-१४ चा २५४, फरक १५४, जेमतेम. सी-१२ चा २१६, फरक ११६, पसरला. सी-१० चा १७४, फरक फक्त ७४, टेकडी. बिघाडाची सीमा बरोबर तिथेच पडलेली जिथे ती पडायला हवी होती. कॉलमचा दोष असा उत्कलनबिंदू बघून पदार्थ निवडत नाही.

हलक्यांना मग सॉल्व्हंट अडवतो. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं. ओव्हन त्याच्या दहा-वीस अंश खाली, समजा ५० वर ठेवला, की इंजेक्टरमधून आलेली हेक्झेनची वाफ कॉलमच्या सुरुवातीच्या वीस-तीस सेंटिमीटरमध्ये पुन्हा द्रव होते आणि भिंतीवर पातळ थर धरते. मागून येणारा सी-१० त्या थरात विरघळून अडकतो. थर इंजेक्टरच्या बाजूने वाळत पुढे सरकतो, अडकलेलं सगळं त्याच्या उरलेल्या टोकाकडे गोळा होतं आणि हेक्झेन संपलं की अरुंद पट्टा होऊन निघतं. १०० अंशांवर हेक्झेन द्रव होतच नाही, मग हा थर येणार कुठून? आमची चूक एवढीच होती. स्प्लिटमध्ये ओव्हन कुठून सुरू करायचा हे तुम्ही पदार्थ बघून ठरवता. स्प्लिटलेसमध्ये तो हक्क सॉल्व्हंटकडे जातो.

शेवटी एका संध्याकाळी सीनियर घरी गेल्यावर मी ओव्हन ५० वर आणला, एक मिनिट थांबवला, मिनिटाला २५ अंशांनी १०० पर्यंत चढवला आणि पुढे जुनाच १० चा रॅम्प. पर्ज एक मिनिटाला उघडला. पहिल्याच रनमध्ये सी-१० सुई.

दुसऱ्या दिवशी सीनियरचा आक्षेप काय, तर रन लांबला. प्रोग्रॅममध्ये तीन मिनिटं वाढली आणि ओव्हन १०० ऐवजी ५० पर्यंत गार व्हायला आणखी काही मिनिटं. इथे ते बरोबर होते हे कबूल करते. थंड होण्याचा शेवटचा टप्पाच सगळ्यात रेंगाळतो आणि दिवसभरात दोन-चार इंजेक्शनं कमी बसतात. पण मोजता न येणारा सी-१० चार वेळा जास्त मिळवून करायचं काय? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

पर्जची वेळही अंदाजाने ठेवू नका. अर्धा, पाऊण, एक, दीड मिनिट असे रन घ्या आणि सी-३० चं क्षेत्रफळ मांडा. ते वाढत जाऊन एका जागी सपाट होतं. सपाट झालं तिथेच पर्ज उघडा. त्याच्या आधी उघडलात तर माल बाहेर जातो. फार उशिरा उघडलात तर काही मिळत नाही, फक्त सॉल्व्हंटची शेपटी लांबते आणि सी-१० तिच्यावर बसतो.

आता तुमचा प्रोग्रॅमचा प्रश्न. एका स्थिर तापमानाला हे मिश्रण बसत नाही हे तुम्हाला माहीत असणारच: खाली ठेवलं तर सी-३० ची वाट बघत बसाल, वर ठेवलं तर सी-१० आणि सी-१२ सॉल्व्हंटमध्ये बुडतील. सुरुवातीचं तापमान फक्त पहिल्या पिकांना कळतं, रॅम्प मधल्यांना आणि शेवटचा मुक्काम शेवटच्यांना. रॅम्पसाठी मी इथून सुरुवात करते: कॉलममध्ये न थांबणारा वायू, उदाहरणार्थ मिथेन, बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात साधारण १० अंश. वर सांगितलेल्या कॉलमवर तो वेळ सव्वा ते दीड मिनिट, म्हणजे मिनिटाला सात-आठ अंश. आम्ही १० ठेवला, कारण सलग अल्केन्स एकमेकांपासून दूर असतात, थोडी घाई खपते. तुमच्या मिश्रणात शाखा असलेले जवळजवळचे पदार्थ असतील तर नका करू घाई. ५० ते १०० मधला तो २५ चा रॅम्पही मला परवडला, कारण तिथे वेगळं करायला काही नव्हतं. आणि सी-४० चा उत्कलनबिंदू सव्वापाचशेच्या घरात आहे म्हणून घाबरू नका. कॉलममधून निघायला पदार्थ उकळावा लागत नाही, ३२० वर मुक्काम दिला की तो येतो.

सी-४० चा पीक मात्र लहान येऊ शकतो आणि तो दोष ओव्हनचा नाही, इंजेक्टरचा. एफआयडीवर सारख्या वजनाच्या अल्केन्सचं क्षेत्रफळ जवळपास सारखं यायला हवं. म्हणून स्टँडर्डमध्ये सी-२० आणि सी-४० समान वजनाने घ्या आणि सी-४० च्या क्षेत्रफळाचं सी-२० च्या क्षेत्रफळाशी गुणोत्तर बघा. ते खाली आलं तर जड भाग सुईत किंवा लायनरमध्ये राहतोय. लायनरमध्ये निष्क्रिय केलेली काचलोकर टाका, इंजेक्शन झटकन द्या. प्रोग्रॅम खेळवत बसू नका.

हे सगळं हेक्झेनपुरतं आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, त्यामुळे ५० वर ते थर धरणार नाही आणि टेकडी परत येईल. तिथे ओव्हन तिशीच्या आसपास न्यावा लागतो आणि गरम खोलीत तो तिथे लवकर पोचत नाही. मिथेनॉलचा वेगळाच ताप: अध्रुवीय कॉलमच्या भिंतीला ते चिकटत नाही, थेंब थेंब होऊन पसरतं आणि पीक फुटतात. शिवाय त्याची वाफ हेक्झेनपेक्षा तिपटीने जास्त होते. एक मायक्रोलिटर हेक्झेनची आमच्या इंजेक्टरमध्ये दोनशे मायक्रोलिटर वाफ व्हायची, लायनरमध्ये आरामात मावायची. मिथेनॉलची सहाशेच्या पुढे जाते. सॉल्व्हंट बदलता येत असेल तर तोच बदला.

आणि मर्यादा फार खाली न्यायची नसेल तर स्प्लिटच ठेवा, रेशो ५:१ किंवा १०:१ करून बघा. निम्म्या लोकांचं काम तिथेच भागतं.

राहिली त्या कॉलमची गोष्ट. नोंदवहीत सीनियरनी लिहिलं, "कॉलम बदलला, समस्या सुटली." काढलेला कॉलम दोन्ही टोकं बंद करून खणात पडून होता, अर्धा मीटर कमी झालेला. काही महिन्यांनी मशीन मोकळं मिळालं तेव्हा मी तो परत लावला आणि ५० वरून रन घेतला. सी-१० नव्या कॉलमइतकाच टोकदार. तो कागद मी नोंदवहीच्या त्याच पानावर चिकटवला, तारखेसकट.